वरणभात शेवटी: प्रीडायबेटिसचा रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

माझं काम पूर्ण बैठं. नाशिकमध्ये एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याच्या २० तारखेच्या आधीचे चार दिवस तर खुर्ची सोडायची म्हणजे फक्त चहा घ्यायला. वय ४७. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने सगळ्यांच्या रक्ततपासण्या करून घेतल्या आणि माझ्या रिपोर्टवर एचबीएवनसीसमोर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यासमोर, ६.३ आलं, शेजारी लाल बाण.

त्यानंतर ज्याने त्याने सल्ले दिले. भात बंद कर, कारल्याचा रस घे, गव्हाची पोळी विषच आहे, पहाटे तासभर चाल. पहाटे माझ्याकडे दोन डबे असतात, तासभर नसतो. शेवटी ज्या गोष्टींनी माझ्या जेवणानंतरच्या आकड्यांत फरक पडला त्या तीनच निघाल्या: ताटातला खायचा क्रम, चोथा म्हणजे फायबर, आणि जेवणानंतरचं दहा-बारा मिनिटांचं चालणं. या तिन्ही घरात आणि ऑफिसात कशा बसवायच्या ते मी केलं त्याच क्रमाने लिहिते आहे, चुकांसकट.

हे लिखाण गोळ्या न घेणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, गरोदर असाल, किडनीचा त्रास असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेतलेली असताना जेवण हलकं झालं आणि वर चालणं वाढलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

१. आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघा

प्रीडायबेटिस ठरवायला तीन आकडे वापरतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४, उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९. यावर गेलं की मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची सुरुवात ११० पासून धरते, त्यामुळे १०४ आलं की एक डॉक्टर "काही नाही" म्हणतात आणि दुसरे "सांभाळा" म्हणतात. दोघंही आपापल्या तक्त्याप्रमाणे बरोबरच असतात.

माझ्या बाबतीत घोळ वेगळाच होता. त्याच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.६ होतं आणि तिकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी ते आधी बघितलं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. उलट नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर मोडणारा आजार असेल, तर ते खोटं कमी दिसतं. सिकलसेल असलेल्यांनी तर या एका आकड्यावर विसंबूच नये. पाळी जास्त जाणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून एचबीएवनसीचा कागद वाचताना हिमोग्लोबिनची ओळ सोबत वाचायची.

मग मला ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी सांगितली. तिचे दोन नियम लॅबवाले घाईत सांगत नाहीत. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भात-पोळी तोडायची नाही. आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच बसून राहायचं. माझ्या शेजारची बाई मधल्या वेळात भाजी घेऊन आली. चालल्याने साखर उतरते, म्हणजे तिचा आकडा खोटा चांगला आला असणार. माझं उपाशीपोटी १०८ आणि दोन तासांनी १६२ आलं. म्हणजे रक्त कमी असलं तरी प्रीडायबेटिस होताच.

२. काय काय जवळ हवं

- मागच्या दोन-तीन वर्षांचे साखरेचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट
- चालू औषधांची यादी. स्टिरॉइड असेल तर ते नक्की लिहा, त्याने साखर वाढते
- ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया
- एक वही
- कमरेचं माप घ्यायला शिवणकामाची टेप
- ऑफिसात ठेवायला चालता येईल असे बूट किंवा चपला

ग्लुकोमीटर घेताना यंत्राच्या किमतीला भुलू नका. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, खर्च पट्ट्यांचा. त्यामुळे आधी पट्टीचा भाव विचारा आणि डबीवरची मुदत बघा. डबी उघडी ठेवली की पट्ट्या दमट होतात आणि आकडे भरकटतात. पावसाळ्यात तर फारच.

घरच्या यंत्राने प्रीडायबेटिस आहे की नाही ते ठरवायचं नसतं. चांगल्या यंत्रालाही १०० च्या वर साधारण १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्ताची साखर लॅबने हातातून काढलेल्या रक्तापेक्षा जास्तच भरते. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच, की आपल्याच दोन जेवणांची एकमेकांशी तुलना करता यावी.

३. पहिला आठवडा काहीही बदलू नका

हे सगळ्यात अवघड जातं, कारण रिपोर्ट आला की माणूस लगेच भात सोडतो. पण आधी काय होत होतं ते माहीत नसेल तर नंतर कशाने फरक पडला तेही कळत नाही. त्या आठवड्यात नेहमीचं जेवा आणि रोज एकाच जेवणाची साखर तीनदा मोजा: जेवणाआधी, पहिल्या घासापासून एक तासाने, आणि दोन तासांनी. वेळ धरायची ती पहिल्या घासापासून. जेवण संपल्यापासून धरली तर निवांत जेवणाऱ्याचा आणि भराभर जेवणाऱ्याचा हिशेब कधी जुळणार नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्राने मला २११ दाखवलं. पोटात गोळाच आला. मग आठवलं, जेवण झाल्यावर मुलासाठी चिकू सोलला होता आणि हात नुसते ओढणीला पुसले होते. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. १३९. बोटावरच्या फळाच्या रसाची साखर मोजली गेली होती. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: हात धुणे. आणि सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं.

आठवड्याने माझ्या वहीत दोन जेवणं उघडी पडली. नाश्त्याचे कांदेपोहे, त्याबरोबरचा साखरेचा चहा; आणि दुपारचं वरणभाताने सुरू होणारं जेवण. रात्रीची भाकरी-पालेभाजी बरी वागत होती. म्हणून बदल मी आधी दुपारी केला.

४. ताटाचा क्रम उलटा करा

सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो असं मला आधी वाटलं, आणि सगळ्यात जास्त विरोधही इथेच झाला.

आपल्या पंगतीचा क्रम आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. पण हात पहिल्यांदा जातो तो वरणभाताच्या मुदीवर. वर तूप, लिंबू पिळलेलं. मग पोळी-भाजी, मग पुन्हा भात. म्हणजे रिकाम्या पोटात पहिल्यांदा मऊ शिजलेला पांढरा भात, आणि कोशिंबीर बोटाला चाटण्यापुरती.

पोट रिकामं असताना भात गेला की तो पटकन लहान आतड्यात उतरतो आणि साखर एकदम रक्तात येते. आधी भाजी, डाळ, उसळ असं गेलेलं असेल तर पोट सावकाश रिकामं होतं. प्रथिनं आणि चोथा आधी पोचल्यावर आतड्यातून जे संदेश सुटतात, त्यांनी इन्सुलिनही वेळेवर तयार राहतं. भात तेवढाच, पण साखरेचा डोंगर न होता टेकडी होते.

याचा एक छोटा प्रयोग २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. माणसं फक्त ११, सगळी मधुमेहाची, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणारी. एकाच जेवणात एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी दिला, एकदा भाजी आणि चिकन आधी देऊन पंधरा मिनिटांनी पाव दिला. दुसऱ्या पद्धतीत तासाभराची साखर एक तृतीयांशाहून जास्त खाली होती. माणसं थोडी होती आणि ती आपल्यासारखी सीमारेषेवरची नव्हती, त्यामुळे तोच आकडा आपल्याला मिळेल असं धरू नका.

अडचण अशी, की त्यांचा पाव आणि चिकन वेगवेगळं खाता येतं. आपण पोळीच्या तुकड्यात भाजी धरून खातो. "आधी भाजी, मग पोळी" असं ऐकून मी दोन दिवस नुसती भाजी खाल्ली आणि मग कोरडी पोळी गिळत बसले. असं कुणी फार दिवस करत नाही. मग मी ताटाचे तीन टप्पे केले.

पहिल्या टप्प्यात पोळी आणि भात वाढूनच घ्यायचा नाही. एक अख्खी काकडी किंवा गाजर-टोमॅटो-मुळा, आणि एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, चमच्याने. मांसाहारी घरात अंडं, मासळी किंवा चिकनचे तुकडे इथे येतात. हे चावून खायला दहा मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं थांबता आलं तर छान, पण भुकेल्या माणसाला ताटासमोर बसवून ठेवणं मला तरी जमलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात पोळी किंवा भाकरी, नेहमीसारखी भाजीबरोबर.

तिसऱ्या टप्प्यात भात, वाटीने मोजून, ताकाबरोबर किंवा उरलेल्या वरणाबरोबर. शेवटी आला की तो आपोआप कमी लागतो. माझी एक वाटी दुसऱ्या आठवड्यात अर्धी झाली, आणि त्यासाठी मन मारावं लागलं नाही.

सासूबाईंना हे पटेना. "आधी वरणभात घे गं, तूप निवतंय," असं त्या चार दिवस म्हणत होत्या. आईंशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं, पण तूप तेव्हा कढवून वाढीन." तेव्हापासून तूप शेवटच्या भातावर येतं, गरम.

इथले सापळे तीन. कोशिंबिरीत साखर घालायची सवय असेल तर ती मोडा. बटाटा, रताळं आणि मका यांची भाजी या हिशेबात भाजी नाही, ती भाताच्या बाजूची. आणि पहिल्या टप्प्यानंतर पोळ्यांची संख्या तीच ठेवून वर उसळही खाल्ली तर एकूण जेवण वाढतं आणि वजनही. उसळ पूर्ण वाटी घेतली की माझी एक पोळी कमी होते.

नाश्त्याला क्रम लावणं कठीण, कारण पोह्यांत आधी-नंतर काही नसतंच. मी पोह्यांआधी मोड आलेल्या मुगाची एक वाटी किंवा एक उकडलेलं अंडं खाते, पोहे निम्मे करते आणि त्यात मटार-गाजर भरपूर घालते. चहातली साखर मात्र क्रमाने सुटत नाही, ती कमीच करावी लागते.

५. चोथा वाढवा, पण महिनाभर घेऊन

"गहू सोडा, ज्वारी खा" हा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळाला. भाकरी मला आवडते, पण चोथ्याचा हिशेब लोक समजतात तसा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत न चाळलेल्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम चोथा आहे आणि ज्वारीत सुमारे १०. फरक नसल्यातच जमा. खरा फरक मैद्याशी आणि पांढऱ्या तांदळाशी, त्या दोघांत जेमतेम ३ ग्रॅम. आणि सालासकट मूग घेतला तर १७. म्हणजे पोळीच्या जागी भाकरी आणण्यापेक्षा पोळीशेजारी उसळीची वाटी आणण्याने जास्त मिळतं. घरात पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकत असाल तर ते आधी थांबवा, फुकटचं आहे.

दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण ३० ग्रॅम चोथा हवा. मी एका दिवसाचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा १७ भरला. त्यात एक पेरू घातला की एका फळाने जवळपास ८ वाढतात, उसळीची वाटी घातली की आणखी ५. झाले ३०. मोजणी एकदाच केली, रोज करत बसले नाही.

सगळा चोथा साखरेला सारखा अडवत नाही. पाण्यात बुळबुळीत होणारा चोथा पोटातलं अन्न घट्ट करतो आणि साखर सावकाश सोडतो: भेंडी, गवार, मेथीदाणे, ओट्स, इसबगोल, डाळी. गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवायला चांगला, साखरेवर त्याचा लगेचचा परिणाम कमी.

माझी चूक अशी, की पहिल्याच आठवड्यात दोन्ही वेळा उसळ सुरू केली. ऑफिसात पोट फुगून बसायची वेळ आली, आणि आमचं ऑफिस एसीचं, खिडक्या बंद. कडधान्य दर आठवड्याला अर्धी वाटी वाढवा, भिजवून मोड आणा, भिजवलेलं पाणी फेका, आणि दिवसाचं पाणी दोन ग्लास वाढवा. पाणी न वाढवता चोथा वाढवला तर उलट बद्धकोष्ठ होतं. इसबगोल घेत असाल तर पूर्ण ग्लासभर पाण्यात घ्या, आणि थायरॉइड वगैरेच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

ज्यूस म्हणजे फळ नव्हे. संत्र्याचा चोथा गाळणीत राहतो आणि साखर ग्लासात उतरते. "मल्टिग्रेन" बिस्किटांचा पुडा उलटा करून बघा. घटकांत पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं असतं आणि साखर त्याच्या पाठोपाठ.

६. शतपावली दहापट करा

जेवणानंतर शतपावली करावी हे आपण लहानपणापासून ऐकतो. कल्पना अगदी बरोबर, फक्त शंभर पावलं एका मिनिटात संपतात. ती हजारावर न्यायची, म्हणजे दहा-बारा मिनिटं.

चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात, आणि त्या कामासाठी ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात. प्रीडायबेटिसमध्ये नेमकं इन्सुलिनचंच ऐकलं जात नसतं, म्हणून ही दुसरी वाट कामाची. साखर वर चढत असतानाच चालायचं, म्हणजे जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत. पहाटेच्या चालण्याचे फायदे वेगळे, पण दुपारच्या भाताच्या साखरेला ते पुरत नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली मधुमेहींवर हे तपासलं. दिवसातून एकदा ३० मिनिटं चालणं एकीकडे, आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं दुसरीकडे. एकूण वेळ तेवढीच, पण जेवणानंतर चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. आपण सगळ्यात जड जेवतो ते बहुधा रात्री आणि नंतर सरळ सोफ्यावर बसतो, त्यामुळे एकच चालणं जमणार असेल तर रात्रीचं धरा.

वेग किती? शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. धाप लागेल इतकं पोटभर जेवणानंतर चालू नका, पोटात कळ येते. आम्लपित्ताचा त्रास असेल तर आणखी सावकाश.

ऑफिसात मी दीडला डबा उघडते आणि पावणेदोनच्या सुमारास उठते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ऊन असतं, म्हणून तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६२ पावलं. सोळा फेऱ्या झाल्या की हजार. पहिल्या दिवशी सगळे बघत होते, आठवड्याने वसुलीचे दोघं सोबत येऊ लागले. १८ ते २० तारखेला हे जमत नाही, खोटं कशाला सांगू. त्या दिवसांत मी अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटं चालते: फाइल स्वतः नेऊन देते, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवते. नुसतं उभं राहण्यापेक्षा अशा छोट्या फेऱ्यांनी साखर जास्त उतरते.

७. एकच ताट तीन पद्धतींनी खाऊन बघा

तुमच्या शरीरावर काय चालतं ते इथे कळतं. मी निवडलेलं ताट: दोन पोळ्या, एक वाटी भात, एक वाटी वरण, एक वाटी मटकीची उसळ, एक काकडी. वाट्या त्याच, तांदूळ तोच, जेवणाची वेळ तीच. प्रत्येक पद्धत वेगळ्या दिवशी.

वरणभात आधी, मग पोळी-उसळ, मग खुर्चीत: जेवणाआधी १०३, एक तासाने १८६, दोन तासांनी १५१.

काकडी-उसळ आधी, मग पोळी, वरणभात शेवटी, मग खुर्चीत: १०६, १५८, १४२.

तोच उलटा क्रम आणि नंतर बारा मिनिटं चालणं: १०१, १३४, १२९.

बघून मी खूश झाले. मग यंत्राची ती १५ टक्क्यांची मुभा आठवली. १५८ चा खरा आकडा १३४ ते १८२ यांमध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे एका दिवसावरून क्रमाने फरक पडला असं म्हणणं घाईचं. म्हणून तिन्ही पद्धती पुढच्या आठवड्यात पुन्हा केल्या. एका तासाचे आकडे १७४, १६३ आणि १४१ आले. नुसत्या क्रमाचा फरक दुसऱ्या वेळी बराच लहान दिसला. क्रम आणि चालणं एकत्र केल्यावर मात्र दोन्ही वेळा ठळक उतार होता. म्हणून मला एकच निवडायला सांगितलं तर मी चालणं निवडेन.

चालून आल्या आल्या लगेच मोजू नका. तेव्हा आकडा फार छान दिसतो, आणि बसल्यावर काही वेळाने थोडा परत चढतो. एक आणि दोन तासांचे आकडे सोबत धरले तरच चित्र खरं. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा ताप असेल, तर तो दिवस प्रयोगातून वगळा. साखर तशीही वर असते. दोन आठवड्यांत १८ पट्ट्या लागल्या. आता मी रोज मोजत नाही, नवीन पदार्थ आला तरच मोजते.

८. लग्न, उपवास, बाहेरचं जेवण

बुफेत आधी सॅलडच्या आणि पनीर-डाळीच्या टेबलाकडे जा, हातात पुलाव नसताना. जेवण झालं की वधूवरांना भेटायच्या रांगेत उभं राहण्याऐवजी हॉलबाहेर एक चक्कर मारा, रांग तोवर ओसरते.

एकादशीची साबुदाणा खिचडी हा मोठाच सापळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, सोबत बटाटा, आणि पोटात आधी काहीच नसतं. मोजलं तेव्हा माझा त्या वर्षातला सगळ्यात मोठा आकडा तोच होता, १९८. आता वरीचा भात अर्धी वाटी, त्याआधी काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि वाटीभर दही, आणि नंतर चालणं. वरीही पिष्टच आहे, ती "चालते" म्हणून पातेलंभर खायची नाही.

९. तीन-चार महिन्यांनी परत तपासा

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्याआधी करून पैसे घालवू नका. आणि तपासायला जाल तेव्हा मधल्या काळात दुसरं काय काय बदललं तेही लिहून न्या.

माझं चार महिन्यांनी ५.९ आलं. पण त्या काळात लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झालं होतं, म्हणजे ६.३ वरून ५.९ मधला काही भाग रक्त सुधारल्याचा होता. वजनही साडेतीन किलो उतरलं होतं. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी केली. दोन तासांचा आकडा १६२ वरून १४३ वर आला होता. उपाशीपोटीचा १०८ वरून १०५, म्हणजे जिथल्या तिथे.

याचं कारण डॉक्टरांनी समजावलं. क्रम आणि चालणं जेवणानंतरची चढ छाटतात. सकाळची साखर मुख्यतः रात्री यकृत किती साखर सोडतं त्यावर ठरते, आणि ती उतरवायची तर पोटावरची चरबी, झोप आणि एकूण हालचाल यांकडे बघावं लागतं. माझी कंबर ९१ सेंटीमीटर होती, आता ८७ आहे; भारतीय बायकांसाठी ८०, पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. त्यामुळे रात्रीच्या चालण्यात आता आठवड्यातून तीनदा जिने चढणं आलं आहे.

पुढची तपासणी न थांबता आधीच करायची वेळही येऊ शकते. सारखी तहान लागणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा घरच्या यंत्रावर उपाशीपोटी वरचेवर १२६ च्या वर आकडे दिसणं, यातलं काहीही झालं तर वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी मेटफॉर्मिन सुचवलं तर पेरू आणि व्हरांडा दाखवून नाही म्हणू नका. गोळी चालू असतानाही हे तिन्ही तसंच करता येतं, फक्त दुसरी कुठली गोळी सोबत असेल तर चालण्याआधी किती साखर असावी ते विचारून घ्या.